मदत हवी आहे: ऑफरचा पगार ठीक, पण ग्रेड एक पायरी खाली. मेलला उत्तर काय देऊ?

अंबड_क्वालिटी:
नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका मध्यम आकाराच्या कंपनीत क्वालिटीत आहे, एकूण अनुभव ९ वर्षं, सध्याचं पद असिस्टंट मॅनेजर. सिन्नरच्या बाजूला एका बऱ्याच मोठ्या कंपनीची ऑफर आली आहे. सीटीसी ११ लाख २२ हजार, त्यात फिक्स्ड १० लाख २० हजार आणि बाकी व्हेरिएबल. पैशांबद्दल तक्रार नाही, आत्ताच्यापेक्षा बरेच जास्त आहेत.

पण मेलमध्ये पद लिहिलंय 'सीनियर इंजिनिअर, ग्रेड ई४'. सीनियर इंजिनिअर मी चार वर्षांपूर्वीच होते. मुलाखतीत प्लांट हेडने सांगितलेलं काम असं: प्रेस पार्टच्या सगळ्या सप्लायरची क्वालिटी माझ्याकडे, सप्लायरचा पार्ट मंजूर करायच्या पीपीएपी कागदांवर माझी सही, हाताखाली चार इन्स्पेक्टर आणि कस्टमर ऑडिटला मी समोर. यातलं काहीच ऑफरमध्ये नाही.

शुक्रवारपर्यंत 'अ‍ॅक्सेप्ट' करा म्हणतात. सासरे म्हणतात, पगार वाढतोय ना, मग नावात काय? मला मात्र रुखरुख आहे. पगार न वाढवता फक्त पद आणि ग्रेड मागितली तर विचित्र दिसेल का? मेलमध्ये कसं लिहू?

सातपूरचा_मामा:
ताई, पैसे घ्या आणि गप सही करा. आपल्याकडच्या छोट्या कंपन्या पदं खिरापतीसारखी वाटतात. पगार वाढवायला नको म्हणून 'मॅनेजर' करून टाकतात. साठ माणसांच्या युनिटचा असिस्टंट मॅनेजर आणि हजार माणसांच्या प्लांटचा सीनियर इंजिनिअर एकाच तोलाचे, हे एचआरलाही माहीत असतं. मी तीस वर्षं टूलरूममध्ये काढली, व्हिजिटिंग कार्डवर काय लिहिलंय हे कोणी विचारलं नाही.

झेडपी_लिपिक:
लेव्हल मागून मिळते हे पहिल्यांदाच ऐकतोय. आमच्याकडे पदाला वेतनश्रेणी ठरलेली असते. एस-१५ म्हणजे सुरुवात ४१,८०० मूळ, पुढे दरवर्षी एक घर खाली सरकायचं. अनुभव धरून वरच्या घरात बसवायचं असेल तर वेतननिश्चितीचा प्रस्ताव लागतो. तुमच्या कंपनीत असा अर्ज कोणाकडे करायचा असतो?

अंबड_क्वालिटी:
@झेडपी_लिपिक दादा, खाजगी कंपनी आहे, तक्ता कोणी दाखवत नाही. तीच तर अडचण.

पाथर्डी_फाटा:
मी अंबड आणि गोंदे इथल्या प्लांटमध्ये एचआरमध्ये होते, भरती आणि ग्रेडिंग दोन्ही केलंय. जरा सविस्तर लिहिते.

मामांचं अर्धं बरोबर आहे. दोन कंपन्यांची पदनावं शेजारी ठेवून तुलना होत नाही, म्हणून 'मी आधीच असिस्टंट मॅनेजर आहे' हा मुद्दा मेलमध्ये पुढे करू नका. एचआर मामांचंच उत्तर देईल आणि विषय तिथंच संपेल. पण ग्रेड म्हणजे व्हिजिटिंग कार्ड नव्हे. प्रत्येक ग्रेडला पगाराचा पट्टा असतो, खालचा आकडा आणि वरचा आकडा. हा पट्टा बहुतेक ठिकाणी फिक्स्डवर असतो, सीटीसीवर नाही. झेडपीच्या दादांसारखाच तक्ता आमच्याकडेही असतो, फक्त कपाटात.

तेव्हा आज एचआरला फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा. ई४ आणि ई५ चे पट्टे काय आहेत? आणि ई४ मधून ई५ मध्ये जायला किमान किती वर्षं लागतात? आकडे सांगायला टाळाटाळ केली तर एवढंच विचारा, 'माझा पगार ई४ च्या पट्ट्यात खाली, मध्ये की वर बसतो?' याचं उत्तर सहसा मिळतं.

मला शंका आहे की तुम्ही वरच्या टोकाला असाल. ग्रेड देता येत नसली की उमेदवार जाऊ नये म्हणून त्याच ग्रेडमध्ये पगार ताणून देतात. मीही दिलेत. उमेदवार त्या दिवशी खूश असतो.

इंदिरानगर_रिमोट:
माझा किस्सा. आयटीत आहे, घरून काम. मी ऑफरच्या वेळी भांडून 'लीड' हे पद घेतलं, लेव्हल तीच राहिली आणि तेव्हा मला त्यातला फरक कळला नाही. सिस्टिममध्ये मी अजून खालच्याच लेव्हलला आहे. शेअर्स मिळतात ते वरच्या लेव्हलपासून, त्यामुळे मला नाहीत. ताईंनी पद सोडावं, लेव्हल धरावी.

अंबड_क्वालिटी:
फोन केला. एचआरची मुलगी चांगली बोलली, आकडे पण दिले (मेलवर नाही देणार म्हणाली). ई४ चा पट्टा फिक्स्ड ६.८ ते १०.५ लाख, ई५ चा ९.५ ते १४. ई४ मध्ये किमान तीन वर्षं काढल्याशिवाय प्रमोशनला नाव जात नाही. पाथर्डी_फाटा ताई, तुमची शंका खरी निघाली.

पाथर्डी_फाटा:
मग हिशोब बघा. तुमचं फिक्स्ड १०.२, वरचं टोक १०.५. पुढच्या वर्षी ८ टक्के वाढ मिळाली तर ८१,६०० रुपये होतात, पण पट्ट्यात जागा ३० हजारांची. उरलेले बऱ्याच कंपन्या एकरकमी देऊन टाकतात. ते त्या वर्षापुरते. मूळ पगारात मिसळत नाहीत, म्हणून पीएफ, ग्रॅच्युइटी आणि पुढच्या वर्षीची वाढ यांत धरले जात नाहीत. कंपनी पट्टे दरवर्षी थोडे वर सरकवते, त्यामुळे अगदी शून्य होणार नाही, पण तीन वर्षं तुम्ही छताला डोकं लावून बसाल. हाच १०.२ ई५ मध्ये ठेवला तर वर पावणेचार लाखांहून जास्त मोकळे आहेत.

आणि म्हणूनच पगार न वाढवता ग्रेड मागणं विचित्र नाही. तुमचा आकडा दोन्ही पट्ट्यांत बसतो. एचआरला बजेटमध्ये वाढीव पैसे मागावे लागत नाहीत. अडचण दुसरीकडे येते. ती जागा ई४ म्हणून मंजूर झालेली असते आणि त्या खात्यात आधीपासून ई४ ला बसलेली माणसं असतात. तुम्हाला ई५ दिलं की ती विचारणार, 'आमचं काय?' हे उत्तर एचआर देऊ शकत नाही, प्लांट हेड देऊ शकतो. तेही फक्त कामाच्या व्याप्तीवरून. म्हणून मेलमध्ये व्याप्ती लिहा, अनुभवाची वर्षं नकोत. प्लांट हेडला सीसीत ठेवा, पण त्याआधी त्याला फोन करून कल्पना द्या. मेल पाहून त्याला धक्का बसता कामा नये.

मेल इंग्रजीत जाईल, आशय असा ठेवा:

'ऑफरबद्दल आभार. मला हे काम करायचं आहे आणि पगाराबद्दल माझं काही म्हणणं नाही. सही करण्याआधी ग्रेडबद्दल बोलायचं आहे. मुलाखतीत ठरल्याप्रमाणे प्रेस पार्ट सप्लायरची क्वालिटी, पीपीएपी मंजुरीची सही, चार इन्स्पेक्टरचं नेतृत्व आणि कस्टमर ऑडिट माझ्याकडे असेल. स्वतंत्र सही आणि हाताखाली माणसं असलेली तुमच्याकडची बाकीची पदं कोणत्या ग्रेडला आहेत? ती ई५ ला असतील तर फिक्स्ड १०.२ कायम ठेवून मला ई५ आणि त्याला साजेसं पदनाम मिळावं, ही विनंती. यासाठी मंजुरी लागणार असेल तर सोमवारपर्यंत मुदत वाढवून द्यावी.'

एवढंच. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, पण 'नाहीतर येणार नाही' हेही लिहायचं नाही. तसं लिहिलं की पुढची चाल तुमच्याकडे उरत नाही.

'फिक्स्ड कायम' हे शब्द मात्र विसरू नका. वरच्या ग्रेडला व्हेरिएबलचा टक्का जास्त असतो. तुमचं आत्ता फिक्स्डच्या १० टक्के आहे. ई५ ला १५ असेल आणि त्यांनी सीटीसी तेवढीच ठेवली, तर फिक्स्ड पावणेदहा लाखांवर येईल. महिन्याला पावणेचार हजारांच्या आसपास कमी. नोटीस पीरियडही विचारून घ्या, वर गेलं की ६० चे ९० दिवस होतात.

सातपूरचा_मामा:
हे पट्ट्याचं मला माहीत नव्हतं. तरी सांगतो, जास्त ताणाल तर ऑफर परत घेतील. माझ्या भाच्याची घेतली होती.

पाथर्डी_फाटा:
@मामा, घेतात, नाही असं नाही. पण माझ्या पाहण्यात ते बहुतेक वेळा तिसऱ्यांदा नवीन मागणी आली तेव्हा झालं, किंवा उमेदवाराने खोटी दुसरी ऑफर दाखवली तेव्हा. एकदाच, एकच मागणी, तीही कामावरून केलेली, याला फार तर 'नाही' म्हणतात.

अंबड_क्वालिटी:
प्लांट हेडशी बोलून मेल टाकला. मुदत सोमवारपर्यंत मिळाली. आज एचआरचा फोन आला: ई५ आत्ता जमणार नाही, कारण त्या खात्यात दोघे ई४ ला आहेत आणि त्यांचं प्रमोशन एप्रिलमध्ये ठरलंय. त्यांच्या आधी बाहेरचं माणूस वर बसवता येत नाही म्हणे. पदनाम 'असिस्टंट मॅनेजर, सप्लायर क्वालिटी' करून देतील आणि ग्रेडचा 'एक वर्षानंतर कंपनीच्या धोरणानुसार विचार केला जाईल' असं पत्रात लिहितील. घेऊ का?

इंदिरानगर_रिमोट:
हेच माझ्याशी झालं होतं. घेऊ नका.

पाथर्डी_फाटा:
कारण खरं वाटतंय, बहाणा नाही. बाहेरच्याला आधी बसवलं तर ते दोघे राजीनामा देतील हे त्या प्लांट हेडलाही कळतं. पण ते वाक्य बिनकामाचं आहे. धोरण म्हणतं तीन वर्षं, मग 'धोरणानुसार विचार' म्हणजे तीन वर्षांनीच. पत्रात दोन गोष्टी लिहून मागा: ई४ मधली तीन वर्षांची अट तुम्हाला लागू नाही, आणि पुढच्या एप्रिलच्या यादीत ई५ साठी तुमचं नाव जाईल. प्रमोशनची हमी मागू नका, ती कोणी लेखी देत नाही. यादीत नाव जाण्याची देऊ शकतात. रुजू होण्याची तारीखही बघा. ऑक्टोबरनंतर येणाऱ्यांना पुढच्या एप्रिलच्या फेरीत बऱ्याच ठिकाणी धरत नाहीत.

हे दिलं तर मी तुमच्या जागी घेईन. नुसतं पदनाम देत असतील तर त्या १०.५ च्या छताकडे पुन्हा एकदा बघा.

अंबड_क्वालिटी:
माझी नोटीस ६० दिवसांची आहे, म्हणजे रुजू व्हायला नोव्हेंबर उजाडेल. एप्रिलच्या फेरीचं उद्या सकाळीच विचारते. आणि अजून एक कळलं: कंपनीची बस द्वारकावरून सगळ्यांसाठी आहे, पेट्रोलचे पैसे मात्र ई५ पासून. ऑडिटच्या दिवसांत रात्री उशिरा सुटणार आणि तेव्हा बस नसते. ग्रेडशिवाय पेट्रोल वेगळं मागता येतं का?

झेडपी_लिपिक:
आमच्याकडे दौरा भत्ता असतो. सप्लायरकडे जाणं म्हणजे दौराच की. त्या नावाने मागून बघा.

पाथर्डी_फाटा:
दादांचं बरोबर आहे. सप्लायर व्हिजिटचा खर्च ग्रेडच्या बाहेर, किलोमीटरवर मिळतो. घरी यायचं पेट्रोल त्यात बसणार नाही. ऑडिटच्या रात्री कॅब मिळते का, हे एचआरला नाही, ॲडमिनला विचारा.