पडलेली भिंत हिशेबात कुठं लिहायची?

ए-102 पाटील दादा: खजिनदार काका, काल पाठवलेला वार्षिक हिशेब वाचला. भिंतीच्या प्रकरणाचे 1,70,000 खर्चात धरलेत, पण पैसे तर अजून कुणाला दिलेले नाहीत. आणि शेजारच्या चटणी कुटायच्या डंकवाल्यांची भरपाईची नोटीस आहे 3,60,000 ची, ती ताळेबंदात दिसतच नाही. नवी भिंत बांधायला 2,10,000 लागणार, तेही नाहीत. मग हे 1,70,000 आले कुठनं?

सी-301 खजिनदार: दादा, बरं झालं सभेआधी विचारलंत. जरा सविस्तर लिहितो, सगळ्यांनी वाचा.

आपली कुंपणभिंत पडली 24 मार्चला, वळवाच्या पावसात. आपलं वर्ष संपतं 31 मार्चला. म्हणजे घटना त्याच वर्षातली. शेजारच्यांच्या चारचाकीवर विटा पडल्या. 28 मार्चला सेक्रेटरींनी सोसायटीच्या लेटरहेडवर त्यांना लिहून दिलं की भिंत जुनी होती, पाणी निघायची भोकं बुजलेली होती, दुरुस्तीचा खर्च सोसायटी देईल. त्या पत्रानंतर आपल्याला मागं फिरायची वाट उरली नाही. पैसे जाणार हे नक्की, फक्त किती आणि कधी हे 31 तारखेला पक्कं नव्हतं. अशा देण्याला तरतूद म्हणतात. घटना घडून गेलेली हवी, तिच्यामुळं देणं अंगावर आलेलं हवं, पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा जास्त हवी आणि आकडा विश्वासानं काढता आला पाहिजे. एवढं जमलं की खर्च त्याच वर्षात टाकायचा. पैसे हातातनं जाईपर्यंत थांबायचं नाही.

बी-204 देसाई काकू: पण गॅरेजवाल्यानं मार्चमध्ये 1,40,000 सांगितले होते ना?

सी-301 खजिनदार: हो काकू. पण 14 मे ला पक्कं बिल आलं 1,52,000 चं, आणि तोवर समितीनं हिशेब मंजूर केला नव्हता. ते बिल 31 मार्चला असलेल्या देण्याचाच खरा आकडा दाखवतं, म्हणून 1,52,000 धरले. वरचे 18,000 डंकवाल्यांचे.

ए-102 पाटील दादा: त्यांनी तर साठ दिवसांचे मागितलेत, रोजचे 6,000 प्रमाणं.

सी-301 खजिनदार: तेच तर समजून घ्यायचंय. त्यांचं म्हणणं असं की विटा-माती यंत्रात गेली आणि चटणीचा अख्खा सीझन बुडाला. आपल्या वकिलांनी ती मागणी दोन तुकड्यांत बघितली. पहिले तीन दिवस आपला राडारोडा त्यांच्या दारातच पडून होता, गिऱ्हाईक आत जाऊ शकत नव्हतं. त्यांच्या पावती पुस्तकावरनं रोजचा 6,000 चा धंदा पटतो. वकिलांच्या मते हे 18,000 बहुतेक द्यावे लागतील, म्हणून ती तरतूद. उरलेल्या सत्तावन्न दिवसांचे 3,42,000 मात्र टिकायची शक्यता कमी आहे. पण कोर्टात काय होईल ते आज कुणी छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून ते संभाव्य देणं. खर्चात टाकायचं नाही, ताळेबंदाच्या बेरजेत घ्यायचं नाही, पण खाली टीप लिहून सभासदांना सांगायचं.

बी-204 देसाई काकू: सत्तावन्न दिवस कसले बंद? मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिथूनच चार किलो चटणी कुटून आणली. पावती आहे माझ्याकडं.

सी-301 खजिनदार: काकू, ती पावती जपून ठेवा आणि फोटो सेक्रेटरींना पाठवा, वकिलांच्या कामाची आहे. अशा पुराव्यानं उद्या वकिलांनी लिहून दिलं की आता धोका जवळजवळ उरलाच नाही, तर टीपही काढता येते. उलट निकाल विरोधात जाईल असं दिसायला लागलं, तर त्या वर्षी तेच देणं तरतुदीत येईल. दरवर्षी 31 मार्चला ही फाइल नव्यानं उघडायची असते. एकदा टीप लिहिली आणि विसरलो, असं चालत नाही.

सी-103 शिंदे वहिनी: काका, नव्या भिंतीचं काय? ती तर बांधावीच लागणार. तरतूद करून ठेवली तर पुढच्या वर्षी ओझं कमी.

सी-301 खजिनदार: वहिनी, इथं बहुतेक जण चुकतात. भिंत आपली आहे. 31 मार्चला ती बांधून द्यायचं आपण कुणालाही देणं लागत नव्हतो. ठेकेदाराचं 2,10,000 चं कोटेशन होतं, ऑर्डर नव्हती. उद्या सभेत ठरलं की विटांऐवजी तारेचं कुंपण घालू, तर तो खर्च आपण टाळू शकतो. जो खर्च आपल्या मर्जीवर टाळता येतो, त्याची तरतूद होत नाही. तुम्हाला पैसे बाजूला ठेवायचे असतील तर दुरुस्ती निधी त्यासाठीच आहे. पण ते आपलेच पैसे एका कप्प्यातनं दुसऱ्या कप्प्यात ठेवणं झालं, ते देणं नव्हे.

राडारोडा उचलणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याचं मात्र वेगळं. त्यानं 27 मार्चला काम संपवलं, बिल 8 एप्रिलला दिलं, 9,500. काम झालंय, आकडा ठरलाय. ते साधं ‘देणे खर्च’, तरतुदीत नाही. म्हणून 1,70,000 मध्ये ते दिसणार नाहीत, वरच्या ओळीत बघा.

ए-102 पाटील दादा: आणि बिल्डर? त्यानं आपल्या भिंतीला खेटून पायाचा खड्डा खणला म्हणून ती कलली. नोटीस दिलीय आपण 2,10,000 ची. ते येणे म्हणून दाखवा की. आपण देणं लगेच दाखवतो आणि येणं लपवतो, हे काही मला पटत नाही.

सी-301 खजिनदार: दादा, तुमचा राग समजतो, मलाही तो खड्डा रोज दिसतो. पण त्यानं अजून नोटिशीला उत्तरही दिलेलं नाही. येण्याला कसोटी कडक आहे. पैसे येणार हे जवळजवळ खात्रीचं झाल्याशिवाय येणं म्हणून लिहायचं नाही. नाहीतर न आलेल्या पैशांवर शिल्लक फुगते, मग कुणीतरी सभेत म्हणतं मेंटेनन्स कमी करा, आणि पैसे आले नाहीत की खड्डा आपल्याच तिजोरीला पडतो. देणं शक्यतेवर लिहायचं आणि येणं खात्रीवर, हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे.

चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संस्थेचं लेखा मानक 29 तर असं संभाव्य येणं हिशेबाच्या टिपांतही घेऊ देत नाही, ते समितीच्या अहवालात सांगायचा प्रघात आहे. मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या इंड एएस 37 मध्ये येण्याची शक्यता जास्त असेल तर टीप देतात. आपण सोसायटी आहोत, कंपनी नव्हे, पण ऑडिटर पहिली रीत पाळायला सांगतात आणि मला ती बरोबर वाटते. म्हणून बिल्डरची नोटीस अहवालाच्या पान 3 वर आहे, ताळेबंदात नाही.

सी-103 शिंदे वहिनी: भिंत 2 एप्रिलला पडली असती तर?

सी-301 खजिनदार: तर 31 मार्चला घटनाच नव्हती, म्हणून या वर्षात एक रुपयाही खर्च पडला नसता. रक्कम मोठी म्हणून अहवालात सांगितलं असतं, नोंद पुढच्या वर्षी.

बी-103 कुलकर्णी: माझा फ्लॅट विकायला काढलाय. टीप वाचून गिऱ्हाईक बिचकेल. जरा मोघम लिहाल का?

सी-301 खजिनदार: नाही कुलकर्णी, माफ करा. घेणारा उद्या आपला सभासद होणार, कोर्टाचा निकाल विरोधात गेला तर त्याच्याही मेंटेनन्समधनं वसूल होणार. त्याला आधीच कळायला हवं. टीप अशी लिहिलीय:

‘24 मार्च रोजी कुंपणभिंत पडल्याबाबत शेजारील व्यावसायिकाने 3,60,000 रुपयांची मागणी केली आहे. त्यापैकी 18,000 रुपयांची तरतूद केली आहे. उर्वरित 3,42,000 रुपये संस्थेस मान्य नाहीत. वकिलांच्या लेखी मतानुसार ते द्यावे लागण्याची शक्यता कमी आहे, म्हणून तरतूद केलेली नाही.’

ए-102 पाटील दादा: वकिलांच्या मताची तारीख टाका. उद्या मत बदललं तर कुठल्या तारखेचं ते कळलं पाहिजे.

सी-301 खजिनदार: बरोबर आहे. आज संध्याकाळी घालून नवी प्रत पाठवतो.