जकात सक्तीची, दान मर्जीचं: मोल कशाला जास्त?

पानगळ: एम.ए.साठी तुलनात्मक नीतिशास्त्राचा निबंध लिहितेय. इस्लाममध्ये जकात, म्हणजे संपत्तीतला ठरलेला वाटा गरजूंना देणं, फर्ज आहे, चुकवली तर पाप. आपल्याकडे दान ज्याच्या त्याच्या मर्जीवर. माझा मुद्दा असा की जे द्यावंच लागतं त्यात दया कुठे उरते? म्हणून ऐच्छिक दान नैतिकदृष्ट्या वरचं. पटतंय का?

मुळाकाठ: मला पटतंय. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात पूर आला तेव्हा आमच्या सोसायटीत पहिले दोन दिवस लोक आपणहून चादरी, तांदूळ, पैसे आणून देत होते. मग कमिटीने ठरवलं, प्रत्येक फ्लॅटमागे हजार रुपये. झालं, सगळे हजारावर थांबले. पाच हजार द्यायला निघालेला माणूसही हजार देऊन पावती घेऊन गेला. आकडा ठरला की मन त्या आकड्यापाशीच थांबतं.

बाणकोट: पानगळ, सुरुवात देणाऱ्याच्या दयेपासून केलीत म्हणून उत्तर असं आलं. जकातीची सुरुवात घेणाऱ्यापासून होते. कुराणाच्या ७० व्या सुरेत म्हटलंय की मागणाऱ्याचा आणि वंचिताचा या मालात ठरलेला हक्क आहे. म्हणजे माझ्या कपाटातल्या शंभर रुपयांपैकी अडीच रुपये वर्ष उलटलं की माझे नाहीतच. दुसऱ्याचे पैसे परत करताना दया आली का, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

मी कोकणातली, आम्ही शाफई. लग्न सोलापूरच्या हनफी घरात झालं. सुन्नी धर्मशास्त्राच्या या दोन वेगळ्या परंपरा. रमजानच्या आधी घरचा हिशेब मीच करते, म्हणून हे आतून माहीत आहे. दागिन्यांचा डबा काढायचा, सराफाकडून वजन करून आणायचं, पाटल्यांतली लाख आणि खडे वजा करायचे, त्यात हातातली रोकड आणि दुकानातला माल मिळवायचा. निसाब म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा. हे सगळं मिळून चांद्रवर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी निसाबच्या वर असेल, तरच अडीच टक्के. नुसत्या सोन्याचा निसाब जुन्या साडेसात तोळ्यांचा, म्हणजे ८७ ग्रॅमच्या थोडा वर. आजचा सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतो, त्यामुळे कित्येक जण ७५ ग्रॅमवरच जकात काढतात. त्यांचं काही चुकत नाही, जास्त जातं एवढंच. इंग्रजी वर्ष धरणाऱ्याचं मात्र खरंच चुकतं, कारण चांद्रवर्ष त्याहून अकरा दिवसांनी लहान असतं आणि तेवढी जकात मागे राहते.

मुळाकाठ, तुमचा अनुभव खरा आहे. पण तिथे हजाराच्या आकड्याखाली दुसरं काही नव्हतं. आमच्यात जकातीच्या पलीकडे सदका, म्हणजे आपखुशीचं दान आहे, त्याला मर्यादा नाही. मशिदीची डागडुजी किंवा दवाखान्याची इमारत जकातीतून होत नाही, हनफी मतात जकात एखाद्या माणसाच्या मालकीची व्हावी लागते. ती कामं सदक्यातून, लिल्लाहच्या म्हणजे अल्लाहच्या नावाने दिलेल्या पैशातून होतात. दोन्हींची जागा वेगळी.

करदाता_पुणे: मी तीस टक्क्यांच्या पट्टीत टॅक्स भरतो. त्यातूनच रेशन, घरकुल सगळं चालतं. माझं सक्तीचं दान झालेलं आहे, वर आणखी कशाला?

बाणकोट: दादा, टॅक्समधून रस्तेही होतात आणि पगारही जातात. जकातीचे हक्कदार कुराणात आठ सांगितलेत, त्यात गरीब, कर्जात बुडालेला, वाटेत अडकलेला प्रवासी असे आहेत. आपले आई-बाप आणि मुलं त्यात बसत नाहीत, त्यांना पोसणं हे आधीच कर्तव्य. गरजू बहीण-भाऊ मात्र बसतात.

करदाता_पुणे: मग सरकारनेच गोळा करावी ना. प्रश्न मिटला.

पिंपळपार: पाकिस्तानने १९८० मध्ये तेच करून पाहिलं. रमजानच्या पहिल्या दिवशी बचत खात्यांतून बँकाच अडीच टक्के कापू लागल्या. शिया लोकांनी इस्लामाबादेत मोठं आंदोलन केलं, कारण त्यांच्या फिकहमध्ये, म्हणजे धर्मशास्त्रात, जकात सरकारने अशी कापणं बसत नाही. त्यांना सूट मिळाली, पुढे प्रतिज्ञापत्र देऊन सूट घेण्याची वाट इतरांनाही खुली झाली. आजही तिथे रमजानच्या तोंडावर खात्यातून पैसे काढून घेणारे आहेत. त्यातले बरेच ती रक्कम स्वतःच्या हाताने गरिबाला देतात. त्यांना जकात मान्य आहे, बँकेने परस्पर कापलेली नको आहे. पानगळ, निबंधात ‘सक्ती’ हा एकच शब्द वापरू नका. ईश्वराने घातलेलं बंधन आणि सरकारने केलेली वसुली एकाच मापाने मोजता येणार नाहीत.

आणि ‘आपल्याकडे मर्जी’ हेही तपासा. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत गुरू निघणाऱ्या शिष्याला सांगतो, ह्रिया देयम्, भिया देयम्. लाजेने दे, भीतीनेसुद्धा दे. यात मर्जी कुठे आहे? आकडा मात्र सांगितलेला नाही. फरक शोधायचा तर तिथे शोधा.

मुळाकाठ: त्याच ओळींच्या आधी ‘अश्रद्धयाऽदेयम्’ आहे, अश्रद्धेने देऊ नये. माझं म्हणणं तेच आहे.

पिंपळपार: आहे, मान्य. तो वाद उपनिषदातच आहे, मी मिटवू शकत नाही.

सदाशिव_पेठ: तात्त्विक काही सांगता येणार नाही, घरचं सांगतो. माझे आजोबा कोकणातून शिकायला पुण्यात आले आणि वारावर जेवले. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरं. कुणावर कायद्याची सक्ती नव्हती. ते म्हणायचे, ज्या घरी वार पक्का होता तिथे मी मान वर करून जायचो, पाट मांडलेला असायचा. गुरुवारचं घर कच्चं होतं. ‘आज आहे ना?’ असं दारात उभं राहून विचारावं लागे. जेवण गुरुवारीच जास्त चांगलं असायचं, ती बाई खरोखर प्रेमळ होती. तरी आजोबा गुरुवारी अनेकदा उपाशी राहिले, कारण विचारायची लाज वाटायची.

पानगळ: हे वाचून माझा मुद्दा हलला. मी दया देणाऱ्याच्या मनातच शोधत होते. पण मग मुळाकाठ म्हणतात ते, की मन आकड्यापाशी थांबतं, त्याचं काय करू?

बाणकोट: ते खोडून काढू नका, निबंधात राहू द्या. आणि नियमाची दुसरी अडचणही लिहा, ती मलाच सुटलेली नाही.

आमच्या शेजारी एक विधवा आपा आहेत. अंगावर २० ग्रॅम सोनं आणि घरात ३,००० रुपये. हिशेबापुरता सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० आणि चांदीचा १०० धरू. नुसतं सोनं असतं तर ८७ ग्रॅमच्या खाली, काही लागत नाही. पण सोन्यासोबत रोकड आली की हनफी पद्धतीत दोन्हींची किंमत एकत्र करून चांदीच्या निसाबशी ताडतात. चांदीचा निसाब ६१२ ग्रॅम, म्हणजे ६१,२०० रुपये. आपांची बेरीज २,०३,०००. अडीच टक्क्यांनी ५,०७५ रुपये जकात निघते, हातात आहेत ३,०००. शिवाय निसाबवाली ठरल्यामुळे त्यांना कुणाची जकात घेताही येत नाही. त्याच आपा माझ्या माहेरी असत्या तर शाफई मतात नेहमीच्या वापरातला दागिना मोजलाच गेला नसता.

मौलानांना विचारलं. ते म्हणाले, चांदीचा निसाब गरिबाच्या फायद्यासाठी धरतात, कारण देणारे वाढतात. मी म्हटलं, इथे गरीब तर याच आहेत. यंदा माझ्या नणंदेने त्यांना सदक्यातून पैसे दिले, ईदी म्हणून. आपांनी त्यातूनच स्वतःची जकात भरली.