मदत हवी आहे: १० डेसिबलचा टी-पॅड केला, मोजल्यावर पाचसुद्धा भरत नाही

रंकाळा_इलेक्ट्रॉनिक्स

नमस्कार. कोल्हापुरात इंजिनिअरिंगला आहे, दुसऱ्या वर्षाला. लॅबसाठी ६०० ओहमचा, १० डेसिबल घट देणारा टी-अ‍ॅटेन्युएटर करायचा आहे. सूत्र असं वापरलं:

```
K  = 10^(dB/20) = 3.162
R1 = Z(K-1)/(K+1)   = 311.7
R2 = 2*Z*K/(K^2-1)  = 421.6
```

R1 म्हणजे दोन्ही आडवे हात, R2 मधला उभा. लक्ष्मीपुरीत नेमक्या किमतीचे रेझिस्टर मिळाले नाहीत, म्हणून ३०० ला १२ जोडून ३१२ केले आणि ३९० ला ३३ जोडून ४२३. जनरेटरवरून १ किलोहर्ट्झ दिला. पॅडच्या तोंडाशी स्कोपवर २ व्होल्ट दिसतात, बाहेर १.१५. हिशोबाने ०.६३ यायला हवेत. रेझिस्टर मल्टिमीटरने तपासले, बरोबर आहेत. मग चुकतंय कुठं?

भावा_सर्किट

भावा, सूत्रातच घोळ आहे. डेसिबल हे पॉवरचं माप, त्यामुळे २० ने नाही, १० ने भागायचं. K = 10 घे.

केबलवाला_कागल

माझाही असाच प्रश्न आहे. शेवटच्या घरांना सिग्नल पोचवायचा म्हणून अ‍ॅम्प्लिफायर वाढवला, तर जवळच्या घरांत चॅनेल फुटायला लागले. ७५ ओहमचा असा पॅड ब्रेडबोर्डवर करून लावला तर चालेल का?

जुना_ट्रान्समीटर

आधी मूळ प्रश्न. तुमचे १.१५ व्होल्ट अगदी बरोबर आहेत. पॅडच्या बाहेर काय जोडलंय? नुसता स्कोप असणार, आणि त्याचा इनपुट १ मेगओहम. म्हणजे दुसऱ्या आडव्या हातातून करंट जवळजवळ वाहतच नाही. तो हात असून नसल्यासारखा झाला आणि उरला साधा डिव्हायडर: ४२३ भागिले (३१२ + ४२३) म्हणजे ०.५७५. दोन व्होल्टचे १.१५ झाले, घट ४.८ डेसिबल. हाच आकडा दिसला की लोड लावलेला नाही, हे लगेच ओळखायचं.

पॅडची ही सूत्रं पलीकडे ६०० ओहम आहेत असं धरूनच मांडलेली असतात. ५६० आणि ३९ सिरीजमध्ये जोडून आउटपुटला लावा आणि लोडच्या दोन टोकांवर मोजा.

भाऊ म्हणतात त्यात डेसिबल पॉवरचं माप आहे हे खरं. पण इथला K व्होल्टेजचं गुणोत्तर आहे आणि पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने बदलते, म्हणून २० येतात. K = 10 धरलात तर R1 ४९१ आणि R2 १२१ निघेल. इम्पीडन्स तेव्हाही ६०० च दिसेल, पण घट २० डेसिबल होईल. इम्पीडन्स जुळला म्हणजे पॅड बरोबर, असं समजू नका.

केबलवाले दादा, तुमच्या शेकडो मेगाहर्ट्झला ब्रेडबोर्ड नको. रेझिस्टरच्या लांब तारांचं इंडक्टन्स आणि पट्ट्यांमधलं कपॅसिटन्स सगळा हिशोब बिघडवतात. एफ-कनेक्टरचा तयार ७५ ओहमचा अ‍ॅटेन्युएटर घ्या आणि जवळच्या घरांच्या टॅपवरच लावा.

रंकाळा_इलेक्ट्रॉनिक्स

सर, लोड लावला! बाहेर ०.६२ आले, पण आत २ चे १.९७ झाले. असं का?

जुना_ट्रान्समीटर

लोडमुळे पॅडचा इनपुट ७३५ वरून ६०० ओहमवर आला आणि तुमच्या जनरेटरचा स्वतःचा रोध बहुधा ५० आहे. करंट वाढला, त्या ५० वर थोडं जास्त व्होल्टेज पडलं. ०.६२ भागिले १.९७ करा, दहा डेसिबल मिळतील.

मात्र एक बाजू अजून जुळलेली नाही. जनरेटर ५० चा असेल तर लोडच्या जागेवरून मागे पाहिलं की ६०० नाही, साधारण ५०७ ओहम दिसतात. जनरेटरच्या पुढे साडेपाचशेच्या आसपास सिरीजमध्ये घाला, मगच पॅड दोन्हीकडून जुळला म्हणता येईल.

रंकाळा_इलेक्ट्रॉनिक्स

त्यापेक्षा एका बाजूला ५० आणि दुसऱ्या बाजूला ६०० असाच १० डेसिबलचा पॅड केला तर?

जुना_ट्रान्समीटर

होणार नाही. हिशोब करून बघा, ५० कडच्या हाताची किंमत ऋण येईल. ५० आणि ६०० नुसत्या रेझिस्टरने जुळवताना किमान १६.६ डेसिबल जातातच.

भावा_सर्किट

मग ट्रान्सफॉर्मर लाव की! साडेतीनास एकच्या आसपास वेढे.

रंकाळा_इलेक्ट्रॉनिक्स

पण आमच्या शीटवर १०० किलोहर्ट्झपर्यंत रीडिंग घ्यायची आहेत. ऑडिओ ट्रान्सफॉर्मर तिथपर्यंत सरळ चालेल का? आणि असा कोल्हापुरात कुठं मिळेल, कुणाला माहीत आहे का?