निर्णयक्षमतेचा प्रश्न : समजूत काढायची की उचलून न्यायचं?

शास्त्रीरोडकर : अभ्यासिकेतल्या राज्यसेवा पूर्वच्या सराव पेपरमधला प्रश्न. तुम्ही तहसीलदार आहात. धरणातून विसर्ग वाढणार असून नदीकाठच्या वस्तीत 3 तासांत पाणी शिरेल. 30 कुटुंबं घरं सोडायला तयार नाहीत, कारण मागच्या वर्षी हलवल्यावर मागे चोऱ्या झाल्या. काय कराल?
(1) वस्तीतल्या ज्येष्ठांमार्फत समजूत काढावी व लोक तयार होईपर्यंत प्रयत्न चालू ठेवावेत.
(2) पोलीस बंदोबस्तात सर्वांना ताबडतोब हलवावे.
(3) ज्येष्ठांमार्फत समजूत काढावी, रिकाम्या घरांवर पहारा बसवावा आणि तरीही न ऐकणाऱ्यांना पाणी चढण्याआधी हलवावे.
(4) वरिष्ठांना कळवून त्यांच्या लेखी आदेशानुसार कार्यवाही करावी.
मी 1 लिहिलं, उत्तरसूचीत 3 आहे, आमचे सर 2 म्हणतात. नक्की कोणतं?

पेठेतला भिडू : डोळे झाकून 3. सगळ्यात लांबलचक पर्याय बरोबर असतो आणि 'वरिष्ठांना कळवावे' कायम चूक. माझं आजवर क्वचितच चुकलंय.

मुठाकाठची : तुमचे सर बरोबर आहेत. जुलै 2024 ला सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा माझी बहीण तिथे राहायची. पार्किंगमधली गाडी काढायला खाली उतरेपर्यंत पाणी गुडघ्याला लागलं होतं. तिच्या सासूबाईंना दोघांनी खुर्चीसकट उचलून बाहेर काढलं. पाणी समजूत निघायची वाट बघत नाही हो. तहसीलदाराने सरळ उचलून न्यावं, रागावले तर रागावू देत, माणसं जिवंत तर राहतील.

माजी नायब तहसीलदार : ताई, जीव आधी हे मलाही मान्य आहे, पण 2 ने तो वाचेलच असं नाही. महसुलात असताना मी असं स्थलांतर केलंय. 30 कुटुंबं म्हणजे दीडेकशे माणसं, त्यांत म्हातारी, बाळंतिणी, दावणीची जनावरं. ऐन पुराच्या दिवशी तालुक्याला आठ-दहा पोलीस मिळाले तरी खूप. दाराला आतून कडी लावून बसलेल्या तीस घरांत जबरदस्ती करायला गेलात, तर पहिल्या पाच घरांतच तासभर जातो आणि बाकीचे आणखी हट्टाला पेटतात.

प्रश्नात नकाराचं कारण दिलंय, ते वाया जायला दिलेलं नाही. लोकांना पाण्याची नाही, चोरीची भीती आहे. दोन पोलीस आणि वस्तीतलीच चार पोरं उंचावर पहाऱ्याला उभी दिसली की निम्म्याहून जास्त लोक आपणहून निघतात. मग तुमचं बळ उरलेल्या पाच-सात घरांसाठी शिल्लक राहतं.

शास्त्रीरोडकर, तुमचा 1 ऐकायला 3 सारखाच वाटतो, पण त्यात 'तयार होईपर्यंत' आहे. पाण्याला मुदत आहे, तुमच्या प्रयत्नांना नाही. असे जुळे पर्याय आले की दोन्हींत समान असलेला मजकूर मनातल्या मनात खोडा आणि उरलेले शब्दच ताडून बघा. इथे उरतात 'तयार होईपर्यंत' आणि 'पाणी चढण्याआधी'.

भिडू, लांबीवर जाऊ नका. पेपर काढणारे मुद्दाम चांगल्या पर्यायाला शेपूट जोडतात, उदाहरणार्थ 'व पत्रकारांना बोलावून माहिती द्यावी'. आणि 4 इथे चूक ठरतो, कारण हलवण्याचा निर्णय तुमच्या हातात आहे नि लेखी आदेशाची वाट बघण्यात वेळ जाईल. प्रश्न विसर्ग कमी करण्याचा असता, तर तो अधिकार पाटबंधाऱ्यांचा. तिथे वर कळवणं हेच बरोबर.

रात्रपाळी : निर्णयक्षमतेच्या पाच प्रश्नांसाठी एवढी चर्चा कशाला? राज्यसेवा पूर्वचा हा पेपर आता पात्रतेपुरताच आहे.

शास्त्रीरोडकर : पात्रतेसाठी 200 पैकी 66 लागतात, दादा. या पाचांचे साडेबारा होतात आणि त्यांना उणे गुण नाहीत. माझं गणित कच्चं आहे, मला ते सोडून चालणार नाही.
काका, समान मजकूर खोडून बघितला, 1 कुठे फसतो ते दिसलं. पण 3 तासांऐवजी अर्धा तास असता तर?

माजी नायब तहसीलदार : मग मी 2 लिहीन. अर्ध्या तासात ज्येष्ठ शोधायचे कधी आणि पहारा बसवायचा कधी?

मुठाकाठची : म्हणजे मीच बरोबर! विसर्ग सांगितल्यापेक्षा लवकर वाढला तर तुमचे तीन तास अर्ध्यावर येतात. अधिकाऱ्याने तीन तासांवर विसंबायचंच कशाला?

माजी नायब तहसीलदार : प्रत्यक्ष काठावर उभा असतो तर मीही विसंबलो नसतो, पहिल्या तासातच सक्ती सुरू केली असती. पेपरात मात्र दिलेले तीन तास खरेच धरावे लागतात, आपल्या मनाने कमी केले तर प्रश्नच बदलतो.

मुठाकाठची : मग पेपर अधिकारी निवडतोय की फक्त नीट वाचणारा? मला हे पटलेलं नाही.