ब्लू बॉटल डसली तर

>> गणपतीपुळ्याला भाच्याच्या पायाला निळा फुगा डसला, लिंबू चोळू का? हल्ली एवढे का येतायत?

लिंबू नको, चोळू तर अजिबात नका. ती ब्लू बॉटल, जेलीफिशसारखा समुद्री जीव, तिचा निळा दोरा कातडीला चिकटलेला असतो आणि त्यातल्या न फुटलेल्या विषाच्या पिशव्या चोळल्याने किंवा गोडं पाणी ओतल्याने फुटतात, म्हणून समुद्राच्याच पाण्याने धुवा, दोरा चिमट्याने उचला आणि मग पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, २० मिनिटं ठेवा, पोराच्या आधी स्वतःचा हात घालून बघा. दम लागला, ओठ सुजले तर थेट दवाखाना.

पावसाळ्यात पश्चिमेचा वारा त्यांना किनाऱ्यावर ढकलतो. खऱ्या जेलीफिशना तापलेलं पाणी, सांडपाणी आणि बेसुमार मासेमारी फावते. वाळूतली मेलेली ब्लू बॉटलसुद्धा डसते हो!