नीट मॉक: फिजिक्समधले तुक्के बंद करू का? शीटचे आकडे दिलेत, मदत हवी आहे

ऐरोलीची_रिपीटर
नमस्कार, ठाण्यातल्या क्लासला सहा फुल मॉक दिले आणि दर वेळी गोल भरताना पेपरवरच प्रश्नाशेजारी एक अक्षर टाकत गेले, अ म्हणजे पक्कं, ब म्हणजे दोन पर्याय उरलेत, क म्हणजे तुक्का. अक्षरं उत्तरं कळायच्या आधीची आहेत. फिजिक्सचे ४५ गुणिले ६ असे २७० प्रश्न झाले, ते असे:

अ: १२० भरले, १०२ बरोबर
ब: ६० भरले, २७ बरोबर
क: ४८ भरले, ८ बरोबर
सोडलेले ४२

क मध्ये ३२ आले आणि ४० गेले, म्हणजे उणे ८. मग पुढच्या मॉकपासून क भरायचेच नाहीत का?

खारघर_२२
हो, बंद कर. दोन पर्याय कटल्याशिवाय गोल भरायचा नाही हा साधा नियम. आणि ब पण बघ, ६० मधे २७ म्हणजे निम्मे पण नाहीत, तोही तोट्यातच आहे.

जुना_शिकवणीवाला
ब तोट्यात कसा? २७ चोक १०८, वजा ३३, म्हणजे ७५ मार्क वर आहेत. अधिक ४ उणे १ असेल तर पाचात एक बरोबर आला की हिशोब बरोबरीत येतो. क डोळे मिटून भरले असते तरी ४८ मधे १२ च्या आसपास यायला हवे होते, ८ आलेत, एवढा फरक नशिबानेही पडतो. आणि उणे ८ सहा पेपरांत मिळून आहेत, पेपरला जेमतेम सव्वा मार्क.
बाळा, तू अ कडे बघ. पक्के म्हणून १८ चुकलेत. पक्का प्रश्न चुकला की ४ हुकतात वर १ कापला जातो, म्हणजे ९० मार्क, पेपरला १५! त्या अठरांसमोर कारण लिहून काढ.

कळव्याची_आई
माझा मुलगा पण दोन पर्यायांत अडकला की सोडूनच देतो, त्यालाही अशी शीट करायला लावू का? त्याची सीईटी आहे.

जुना_शिकवणीवाला
ताई, एमएचटी-सीईटीला मायनस नाही, त्याला एकही प्रश्न सोडू देऊ नका.

ऐरोलीची_रिपीटर
सर, रात्री बसून काढलं. १८ पैकी ७ युनिट नाहीतर दहाचा घात, ४ मधे 'अयोग्य विधान' वाचलंच नव्हतं, ३ ओएमआरवर भलत्या ओळीत, ४ कन्सेप्टच चुकीचा.
आणि रफ वर्क बघताना अजून एक दिसलं, क मधल्या १९ प्रश्नांत गणित पूर्ण केलं होतं पण उत्तर पर्यायांत नव्हतं म्हणून जवळचा भरला, त्यात फक्त १ बरोबर. म्हणजे तिथे उणे १४, आणि उरलेल्या २९ खऱ्या तुक्क्यांत ७ बरोबर म्हणजे अधिक ६!

जुना_शिकवणीवाला
हे छान शोधलंस. नेहमीच्या चुकांतून येणारी उत्तरं बरेचदा पर्यायांत ठेवलेली असतात, त्यामुळे 'जवळचा' हा तुक्का नसतो, सापळा असतो. त्याला ड असं वेगळं अक्षर दे. १९ हा आकडा लहान आहे, अजून तीन-चार मॉक बघ, पण तोवर ड भरू नकोस. ते ४२ सोडलेले वाचून सोडलेस की तिथपर्यंत पोचलीच नाहीस?

खारघर_२२
बरोबरीचा हिशोब मी चुकीचा धरला होता, सॉरी. पण माझे स्वतःचे तुक्के तर नेहमीच मायनसमधे जातात, मला अजून पटत नाहीये.

ऐरोलीची_रिपीटर
सर, सोडलेल्यांपुढे काहीच लिहिलं नव्हतं त्यामुळे आता सांगता येत नाहीये. रविवारच्या मॉकला वाचून सोडला तर फुली आणि वाचलाच नाही तर कोरं ठेवते, मग शीट परत टाकते इथे.