१८० तासांच्या व्हिडिओंत एकच शब्दप्रयोग शोधायचाय. पूर्ण लिप्यंतर न करता कसं जमेल?

पाणवठा
आमच्या संस्थेकडे भूजलावरच्या इंग्रजी व्याख्यानांचे साधारण १८० तासांचे व्हिडिओ आहेत. वक्ते बहुतेक मराठी. त्यांत "ग्राउंडवॉटर रिचार्ज" कुठे कुठे म्हटलंय तेवढंच हवंय, मिनिट-सेकंदासकट. लॅपटॉप जुना, ग्राफिक्स कार्ड नाही. कीवर्ड स्पॉटिंगबद्दल वाचलंय. कोणी वापरलंय का?

सरळमार्गी
कशाला एवढा खटाटोप? व्हिस्पर चालवा, सगळं लिहून घ्या आणि Ctrl+F. लॅपटॉप रात्रभर चालू ठेवला की झालं.

ध्वनिवेडा
ग्राफिक्स कार्ड असतं तर मीही हेच म्हटलं असतं. जुन्या प्रोसेसरवर व्हिस्परच्या मोठ्या मॉडेलला एका तासाच्या ध्वनीसाठी एका तासाहून जास्त वेळ लागू शकतो. म्हणजे १८० तासांना एक रात्र पुरणार नाही, आठवडा तरी धरा. एकच शब्दप्रयोग हवा असेल तर पॉकेटस्फिंक्स बघा. ते बाकीचे शब्द ओळखायच्या भानगडीत पडत नाही. तुमच्या शब्दांचे उच्चार ओळीने जुळतात की कुठलेतरी सैरभैर आवाज जास्त जुळतात, एवढीच तुलना करत पुढे जातं.

आधी व्हिडिओतून आवाज काढा:

```
ffmpeg -i v01.mp4 -vn -ac 1 -ar 16000 -c:a pcm_s16le v01.wav
```

तासाला ११५ एमबी होतात, म्हणजे एकूण २१ जीबीच्या आसपास जागा ठेवा. मग शोधायच्या शब्दांची फाइल:

```
groundwater recharge /1e-25/
groundvater recharge /1e-25/
recharge of groundwater /1e-30/
```

ओळीच्या शेवटचा आकडा म्हणजे गाळणी, किती जुळलं की इशारा द्यायचा ते तो ठरवतो. दुसरी ओळ चुकून आलेली नाही. सोबतचं मॉडेल अमेरिकन उच्चारांचं आहे आणि आपली माणसं "वाटर" म्हणतात. म्हणून उच्चारकोशात एक बनावट शब्द घालायचा:

```
groundvater G R AW N D V AA T ER
```

नुसतं recharge शोधू नका. शब्द छोटा, त्यात discharge आणि research कानाला जवळचे, आणि भूजलाच्या व्याख्यानात ते दोन्ही पावलोपावली येणार.

सरळमार्गी
बरं. पण मग 1e-50 ठेवा की, जितका आकडा मोठा तितकी गाळणी कडक.

ध्वनिवेडा
उलटं आहे. 1e-50 हा अतिशय छोटा आकडा. तो ठेवला की गाळणी सैल होते, सापडतं जास्त आणि खोटे इशारेही जास्त येतात. 1e-10 कडे गेलात की इशारे कमी, पण खरेही निसटतात. लांब शब्दप्रयोगाला छोटा आकडा लागतो एवढं मात्र खरं.

योग्य आकडा अंदाजाने मिळत नाही. ज्यात शब्द बऱ्याचदा आलाय असा एक तास स्वतः ऐका, वेळा लिहून ठेवा, मग तीन-चार आकडे लावून किती निसटले आणि किती खोटे आले ते मोजा. पाणवठा, तुम्ही सैल बाजूलाच राहा. तासाला दोन खोटे इशारे आले तरी १८० तासांत ३६० होतात. प्रत्येकाचे सहा सेकंद ऐकायचे तर सगळे मिळून ३६ मिनिटं. निसटलेला मात्र कधीच कळत नाही.

टाळमृदंग
माझ्याकडे एकाच महाराजांच्या कीर्तनांचे व्हिडिओ आहेत. त्यांचा एक ठरावीक दृष्टान्त कुठे येतो ते हवंय. वरच्या फाइलमध्ये मराठी लिहिलं तर चालेल ना?

ध्वनिवेडा
नाही. उच्चारकोशात नसलेला शब्द ते घेत नाही, आणि इंग्रजी मॉडेलकडे आपला ळ नाही, त-थ सुद्धा वेगळे नाहीत. शिवाय दृष्टान्त दर वेळी त्याच शब्दांत थोडाच येतो? त्यातलं एखादं न बदलणारं वाक्य असेल तर त्याचे पाच-सहा तुकडे कापा आणि ध्वनीशी ध्वनी ताडून पाहणारी पद्धत वापरा. तिथे भाषेचं मॉडेल लागतच नाही. वक्ता एकच असल्याने जमू शकेल, पण मागे टाळ वाजत असताना कितपत जमेल याची खात्री मी देणार नाही.

पाणवठा
दोन तासांवर करून पाहिलं. व्याख्यानाच्या भागात जवळजवळ सगळं सापडलं, आणि "वाटर"वाल्या ओळीने पहिलीपेक्षा जास्त पकडलं! टाळ्यांच्या जागी मात्र खोटे इशारे येतात. आणि प्रश्नोत्तरांत श्रोते माइकशिवाय बोलतात, तिथे जवळपास काहीच नाही.

ध्वनिवेडा
टाळ्यांचं सोडून द्या, ऐकताच कळतात. लांबून आलेल्या, घुमणाऱ्या आवाजात उच्चारांच्या कडा पुसल्या जातात. आकडा सैल करून तिथे फक्त कचरा वाढेल. पॉकेटस्फिंक्स ज्यातलं आहे त्या सीएमयू स्फिंक्सचं भारतीय इंग्रजीचं मॉडेलही मिळतं, ते लावून बघा, पण माइकच नसेल तर फार आशा नको.

सरळमार्गी
मग तेवढी प्रश्नोत्तरं कापून व्हिस्परला द्या. शेवटची वीस-वीस मिनिटंच तर आहेत. आता तरी माझं ऐकाल?

पाणवठा
काही वक्ते मध्येच प्रश्न घेतात, ते कापायचे कसे?